दहा टनांचा फसवा हिशेब

अरुणावतीकाठच्या आर्णीजवळ एक तलाव आहे, असे समजू. त्यात आपोआप वाढणारी एक जात जास्तीत जास्त १०० टनांपर्यंत पोहोचते. (कटला-रोहूचे बीज बाहेरून सोडतात, तिथे हा हिशेब लागू नाही.) मासे थोडे असले तर पिल्ले थोडी, फार झाले तर खाद्य अपुरे. म्हणून सर्वाधिक भर निम्म्यावर, म्हणजे ५० टनांवर पडते. ती वर्षाला १० टन धरू. हेच ‘कमाल शाश्वत उत्पादन’.

मासे ४० टनांवर आले की भर ९.६ टनांवर येते. तरीही १० टनच काढत राहिले, तर तूट दरवर्षी वाढते. कमी पावसाने तलाव ८० टनच पोसू शकला, तर भर ८ टनांपुढे जातच नाही. विदर्भाला अशी वर्षे नवी नाहीत. पेरूतही १९७२मध्ये एल निनोने समुद्र तापला आणि आधीच बेसुमार पकडली जाणारी अँचोव्ही मासळी कोसळली.

घट लवकर दिसत नाही, कारण जाळी वाढवून पकड तेवढीच राखली जाते. त्यामुळे एका जाळ्यामागे किती किलो मिळाले आणि मासा केवढा होता, ही नोंद हवी. मर्यादाही १० नव्हे, ७ टनांचीच ठेवावी.