कोसळला की घसरला?

पडण्याचा प्रत्येक प्रकार मराठीने वेगळ्या क्रियापदाने नोंदविला आहे. ताप उतरतो, पूर ओसरतो, बुरूज ढासळतो, दरड कोसळते. जे कोसळते त्याचा आधारच सुटलेला असतो. जे घसरते ते खाली येत असले तरी पृष्ठभागाला धरून असते. बाजाराच्या बातम्यांत मात्र हा विवेक पाळला जातोच असे नाही. तेथे क्रियापद निवडले जाते ते बहुधा आकड्याच्या लांबीवरून.

४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक सुमारे ४,३९० अंशांनी खाली आला. एका दिवसात इतके अंश तोपर्यंत कधी गेले नव्हते. साहजिकच बाजार ‘कोसळला’. परंतु आदल्या दिवशी निर्देशांक ७६,४६९ च्या आसपास होता. त्या मानाने घट पावणेसहा टक्क्यांच्या आत होती, आणि ७ जूनला निर्देशांक पूर्वीच्या पातळीच्याही वर जाऊन बंद झाला. कोसळलेली इमारत तीन दिवसांत उभी राहत नाही.

याच्या शेजारी २८ एप्रिल १९९२ हा दिवस ठेवून पाहावा. रोखे गैरव्यवहार नुकताच उघडकीस आला होता. त्या दिवशी गेले ते अवघे ५७० अंश. पण निर्देशांक ४,४६७ वरून ३,८९७ वर आला, म्हणजे जवळजवळ तेरा टक्के मूल्य एका दिवसात नाहीसे झाले. ज्या पैशाच्या जोरावर भाव चढले होते त्याचा उगमच आटल्यामुळे ती पातळी पुन्हा दिसण्यास १९९४ साल उजाडावे लागले. आधार सुटणे म्हणतात ते हे. ‘कोसळला’ हा शब्द त्या ५७० अंशांना शोभतो, ४,३९० अंशांना नव्हे. निर्देशांक जितका उंच जाईल तितके अंश स्वस्त होत जातात, हे साधे अंकगणित मथळा लिहिणाऱ्याच्या घाईत राहून जाते. (घाई कोणाला नसते, हा भाग वेगळा.)

शब्दाची निवड याहून महागात पडते ती महागाईच्या बातमीत. ‘महागाई घसरली’ असे वाचून गृहिणी वाण्याकडे जाते आणि तेथे तिला डाळ पूर्वीपेक्षा महागच मिळते. शंभर रुपयांचा जिन्नस सहा टक्के दराने वर्षाअखेर १०६ रुपयांचा होतो. पुढच्या वर्षी दर चार टक्क्यांवर आला, तर तोच जिन्नस ११० रुपयांच्या थोडा वर जातो. खाली आला तो वाढीचा वेग. भाव चढतेच राहिले. अशा वेळी ‘भाववाढ मंदावली’ असे लिहिता येते. मात्र मोंढ्यात आवक वाढून कांद्याचे भाव प्रत्यक्षात खाली येतात, एका दिवसाची घट दुसऱ्या दिवसाच्या घटीला ढकलते, तेव्हा ‘भाव गडगडले’ हेच म्हणावे लागेल, आणि शेतकऱ्याला त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही.