एका कुंडलीतली दोन घड्याळे

हाताने मांडलेली कुंडली चुकते ती बहुधा बेरजेत नव्हे, तर एका घड्याळाची वेळ दुसऱ्याच्या तक्त्यात घातल्याने. लाहिरी एफेमेरिसमध्ये ग्रहांचे रोजचे भोगांश सकाळी 5.30 चे, भारतीय प्रमाण वेळेचे असतात. सांपातिक काल मात्र दिला आहे 82°30′ रेखांशावरच्या स्थानिक मध्यान्हाचा. म्हणून ग्रहांसाठी प्रमाण वेळच ठेवायची आणि लग्नासाठी जन्मगावाची स्थानिक वेळ काढायची.

1 जानेवारी 2000 रोजी रात्री 8.30 चा पुण्यातला जन्म घेऊ. पुण्याचा रेखांश 73°51′, म्हणजे फरक 8°39′. अंशाला चार मिनिटे धरून 34 मिनिटे 36 सेकंद वजा केल्यावर स्थानिक वेळ 7 वाजून 55 मिनिटे 24 सेकंद येते. त्या दिवशीचा मध्यान्हीचा सांपातिक काल रेखांशाच्या सहा सेकंदांसह 18 तास 41 मिनिटे 2 सेकंद. त्यात मध्यान्हानंतरचे 7 तास 55 मिनिटे 24 सेकंद आणि तासाला सुमारे दहा सेकंदांप्रमाणे 1 मिनिट 18 सेकंद मिळवून 24 तास वजा केले, की 2 तास 37 मिनिटे 44 सेकंद उरतात. पुण्याच्या अक्षांशावर लाहिरी अयनांशाने लग्न कर्केच्या 19 अंशांजवळ येते. स्थानिक वेळ न काढता हेच गणित केले तर ते जवळजवळ 27 अंशांवर जाते. रास कर्कच राहते, म्हणून चूक डोळ्यांत भरत नाही. पण नवमांश धनूचा मीन होतो. उलट चंद्रासाठी चुकून स्थानिक वेळ वापरली तर त्या दिवशीच्या सुमारे 12 अंशांच्या गतीने 17 कला कमी पडतात. चंद्र विशाखेत असल्याने गुरूच्या 16 वर्षांच्या दशेचा हिशेब तेवढ्यानेच चार महिन्यांनी सरकतो.

पडताळा सूर्याकडून घ्यावा. त्या दिवशी पुण्यात सूर्यास्त सुमारे सहा वाजून दहा मिनिटांनी झाला. सूर्य धनूच्या साडेसोळा अंशांवर, तेव्हा मावळताना लग्न मिथुनेच्या तितक्याच अंशांच्या आसपास हवे. पुढच्या दोन तास वीस मिनिटांत या राशींचे 32-33 अंश उगवतात. चाळीस अंश उगवूच शकत नाहीत, आणि तिथेच चुकीचे लग्न पकडले जाते.

जन्मवेळच पाच मिनिटांनी इकडेतिकडे असते, मग एवढी काटेकोरी कशाला, असे कुणी म्हणेल. दहा सेकंदांच्या संस्कारापुरते ते मान्य आहे; तो गाळला तर लग्न साधारण 20 कलांनीच हलते. परंतु पाच मिनिटांनी लग्न जेमतेम सव्वा अंश सरकते, तर घड्याळ चुकल्यावर आठ अंश, तेही पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रत्येक पत्रिकेत एकाच दिशेने. संगणक हे सारे करतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण त्याला दिलेली वेळ कोणत्या घड्याळाची, हे आपणच सांगायचे असते. 1955 पर्यंत मुंबईत प्रमाण वेळेच्या 39 मिनिटे मागे असलेली मुंबई वेळही चालत होती, आणि सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945 या काळात देशभरची प्रमाण वेळ एक तास पुढे होती. त्या वर्षांतल्या पत्रिकेत सूर्यास्तापासून लग्न मोजून पाहावे आणि जन्म दिवेलागणीआधीचा की नंतरचा, ही घरातली आठवण त्याच्याशी ताडून घ्यावी.