पिशवी काढली हे माहीत आहे, अंडाशय ठेवले का?

बीड : ऊसतोड बायांच्या पिशवीच्या ऑपरेशनांवरून २०१९ मध्ये राज्यभर गदारोळ झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजार ३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा गाजला. पण पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही गेले का, हा प्रश्न मागेच पडला.

नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशय इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवत राहतात. दोन्ही अंडाशय काढले की ते एक-दोन दिवसांतच एकदम खाली येतं. वयानुसार पाळी जाते तेव्हा शरीराला सवय व्हायला काही वर्षं मिळतात. इथं टाके सुकायच्या आधीच अंगातून वाफा, रात्री घाम, झोप नाही, चिडचिड, नवऱ्याजवळ जाताना दुखणं. घरचे म्हणतात, ऑपरेशनचा अशक्तपणा आहे.

समजा, ऑपरेशन ३२ व्या वर्षी झालं. एरवी पाळी ४६-४७ च्या आसपास गेली असती. म्हणजे चौदा-पंधरा वर्षं बाई इस्ट्रोजेनविना राहणार. वाफा हळूहळू कमी होतात आणि बाईला वाटतं, बरं झालं. फसगत इथंच होते. हाडं आतून विरळ होत राहतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईचं हाड ठिसूळ होणं म्हणजे काय, हे सांगायला नको. नुसत्या कॅल्शियमच्या गोळीनं ही उणीव भरत नाही.

यावर हार्मोनची गोळी, जेल किंवा पट्टी मिळते. ती ऑपरेशननंतर लवकर सुरू करून किमान पन्नाशीपर्यंत चालू ठेवावी, असं तज्ज्ञ सांगतात. पिशवी नसल्यानं बहुतेकींना एकटं इस्ट्रोजेन पुरतं. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना सहसा देत नाहीत. रक्ताची गुठळी झाली असेल किंवा लिव्हर बिघडलं असेल तर ते डॉक्टरला आधीच सांगावं. ‘हार्मोननं कॅन्सर होतो’ ही भीती उतारवयातल्या बायांच्या अभ्यासातून आली. बत्तिशीतल्या बाईला ती तशीच लावता येत नाही. मात्र दहा-बारा वर्षं उलटली असतील किंवा साठी ओलांडली असेल तर हृदय, बीपी तपासूनच ठरवावं लागतं. उशीर महागात पडतो तो असा.

डिस्चार्ज कार्डावर ‘टीएएच’ एवढंच असेल तर पिशवी गेली. पुढं ‘बीएसओ’ असेल तर दोन्ही अंडाशयही गेले. कार्ड उसाच्या फडात किंवा कोपीत हरवलं असेल तर सोनोग्राफी आणि एफएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावी. चाळिशीच्या आतल्या बाईत एफएसएच खूप वाढलेलं आलं तर अंडाशय गेले आहेत किंवा काम करत नाहीत, असं समजायचं. तो रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं, शक्यतो हंगाम सुरू व्हायच्या आधी. दिवाळीनंतर टोळी कारखान्यावर गेली की सहा महिने ते होत नाही.