डिझेलचा परतावा कुणाचा? खलाशाच्या वाट्यातला न दिसणारा हिशेब

पश्चिम किनाऱ्यावरची ६१ दिवसांची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि १ ऑगस्टपासून वेंगुर्ला, मालीम, कुटबण, कारवार इथल्या जेट्यांवर पुन्हा गर्दी होते. बोटी समुद्रात जाण्याआधी मालक, तांडेल आणि खलाशी यांच्यात एक बोलणी होते. बहुतेक वेळा तोंडीच. यंदा वाटे किती, बोटीचे किती, जाळ्याचे किती, माणसांचे किती. हे आकडे वर्षानुवर्षे तेच असतात, म्हणून यात बोलायचं काय, असं वाटतं. पण भांडण वाट्यांवर फारसं होतच नाही. होतं ते वाटे पाडण्याआधी जे वजा केलं जातं त्यावर.

वाट्याची पद्धत गावागणिक आणि जाळ्यागणिक बदलते, म्हणून एक नमुन्याचा हिशेब मांडू. इंजिनची एक बोट आहे, माशांसाठी जाळी टाकणारी. तिच्यावर एक तांडेल आणि चार खलाशी. चार दिवसांची एक फेरी. ठरलेले वाटे १२ आहेत: बोट आणि इंजिनचे ३, जाळ्यांचे २, मालकाचा १, तांडेलाचे २ आणि चार खलाशांचे प्रत्येकी १. म्हणजे निम्मे मालकाकडे, निम्मे माणसांकडे. मालक स्वतः तांडेल म्हणून गेला तर ते दोन वाटेही त्यालाच.

या फेरीत ९०,००० रुपयांची मासळी विकली गेली असं समजू. लिलाव करणाऱ्याची दलाली ५ टक्के, म्हणजे ४,५००. डिझेल ३०० लिटर, ९० रुपयांनी, २७,०००. बर्फ दोन टन, ५,०००. रेशन-पाणी ३,५०० आणि जेटीवरची हमाली २,०००. एकूण खर्च ४२,०००. उरले ४८,०००, त्याचे १२ वाटे, एक वाटा ४,००० रुपये. खलाशाला चार दिवसांचे चार हजार, तांडेलाला आठ, मालकाला चोवीस. इथपर्यंत सगळे खूश.

आता पुढची फेरी कमी लागली. विक्री ५०,०००. दलाली आणि हमाली थोडी घटली, पण डिझेल तेवढंच जळलं, बर्फ तेवढाच भरला होता, माणसांनी जेवणही तेवढंच केलं. खर्च ३९,२००. उरले १०,८००, आणि एक वाटा ९०० रुपये. विक्री निम्म्याहून जास्त राहिली, पण वाटा चौथाईच्याही खाली आला. दिवसाला सव्वादोनशे रुपये. 'वाटा फिक्स आहे' याचा अर्थ रक्कम फिक्स असा नाही, हे नवीन खलाशाला पहिल्या फेरीत कळत नाही, दुसऱ्या फेरीत कळतं.

बोटीवर खर्च आधी वजा करण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यात तर्कही आहे. रापणीत डिझेल नाही, म्हणून ओढणाऱ्यांचा आणि जाळ्याचा वाटा सरळ मासळीतून निघतो. इंजिन आलं तेव्हा इंधन सामायिक झालं. फेरी तोट्यात गेली तर तूट मालकच भरतो, फार तर पुढच्या फेरीत 'मागची बाकी' म्हणून कापतो. म्हणून मालकाला ओरडायचं कारण नाही. पण डिझेल लिटरमागे १० रुपयांनी चढलं तर आमच्या नमुन्यातल्या बोटीवर फेरीला ३,००० रुपये जास्त जातात आणि त्यातले १,५०० माणसांच्या वाट्यातून जातात. म्हणजे महागाईचा निम्मा भार खलाशी आणि तांडेल उचलतात. कुणी तसं कधी म्हणून दाखवत नाही, पण हिशेब तेच सांगतो.

इथेच परताव्याचा प्रश्न येतो. महाराष्ट्र आणि गोव्यात मच्छिमार बोटींच्या डिझेलवरचा व्हॅट ठराविक कोट्यापुरता परत मिळतो, कर्नाटकातही करमाफ डिझेलचा कोटा असतो. सवलत भरतानाच मिळाली तर सरळ आहे: सामायिक खर्चातच दर कमी लागतो आणि सगळ्यांचा वाटा वाढतो. पण आधी पूर्ण दराने डिझेल भरून नंतर परतावा मिळत असेल, तर तो बोटमालकाच्या खात्यावर येतो आणि त्यासाठी बरेच महिने थांबावं लागतं. तोपर्यंत फेरीचा हिशेब पूर्ण दराने होऊन गेलेला असतो. करातला निम्मा भाग ज्यांनी भरला, त्यांना तो परत मिळायचा रस्ताच उरत नाही.

रक्कम छोटी नाही. समजा लिटरमागे १५ रुपये परत मिळाले. ३०० लिटरचे ४,५०० रुपये, एका वाट्याला ३७५. महिन्याला पाच फेऱ्या, आठ महिन्यांच्या हंगामात ४० फेऱ्या, तर एका खलाशाचे १५,००० रुपये होतात. चांगल्या फेऱ्यांचे जवळजवळ चार वाटे. अर्थात कोटा मर्यादित असतो, त्यामुळे सगळ्या फेऱ्यांवर परतावा मिळेलच असं नाही. पण जेवढा मिळतो, तेवढ्यावर तरी हा प्रश्न उरतोच.

मालकांची बाजूही ऐकायला हवी. डिझेलसाठी पैसे ते पुढे घालतात, पुष्कळदा दलालाकडून उचल घेऊन, आणि ती मासळी त्याच दलालाला द्यायची बोली असते. बोटीचा परवाना, नोंदणी, सोसायटीची कागदपत्रं सगळी त्यांच्या नावावर. परतावा रखडला की तो त्यांच्यापुरता बुडीतच. हे खरं आहे. पण बोटीचे तीन आणि मालकाचा एक वाटा हे त्याच जोखमीचे आहेत ना? मग तीच जोखीम परताव्यात पुन्हा मोजणं म्हणजे दोनदा घेणं. खर्चाच्या वहीतही हीच खोड सापडते: इंजिन ऑइल फेरीचं म्हणून सामायिक धरलं तर चालेल, पण इंजिनचा सुटा भाग किंवा फाटलेलं जाळं सामायिकात घातलं, तर बोटीचा आणि जाळ्याचा वाटा कशाचा उरला? वहीत 'दुरुस्ती' अशी एकच मोघम ओळ दिसली की खलाशाने विचारायला हवं.

व्यवहारात अडचण वेगळीच आहे. गोव्यातल्या ट्रॉलरांवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकातले, रत्नागिरीकडे नेपाळचे खलाशी असतात. तिथे बऱ्याच बोटींवर वाटा जाऊन पगार आणि वर थोडा हिस्सा अशी पद्धत आली आहे, म्हणजे डिझेल महागलं तरी खलाशाचा पगार तोच, आणि बांगड्याची मोठी रास लागली तरी जवळपास तोच. वाट्यावरची माणसंही हंगामाच्या मध्येच बदलतात. परतावा येईपर्यंत ज्यांचे पैसे द्यायचे ते गावी गेलेले असतात. म्हणून 'परतावा आल्यावर बघू' हे आश्वासन फारसं कामाचं नाही. उपाय साधा आहे, पण तो हंगामाआधीच ठरवावा लागतो. डिझेल सामायिक खर्चात घालताना अपेक्षित परताव्यातला काही भाग, समजा लिटरला सात-आठ रुपये, आधीच वगळायचे. कोट्याबाहेरचे लिटर मात्र पूर्ण दराने. उरलेला फरक मालकाने थांबल्याचा मोबदला म्हणून ठेवावा. प्रत्येक फेरीचे लिटर, दर आणि बोटीवर गेलेल्यांची नावं एका पानावर लिहायची आणि तांडेलाची सही घ्यायची. असं करणाऱ्या बोटीवर नमुन्यातला खलाशी ४,००० ऐवजी सुमारे ४,२०० घेऊन जेटीवर उतरेल. तुटीच्या फेरीत त्याचे ९०० चे साधारण ११०० होतील.