'परवडत नाही'चं इंग्रजी

मिरकरवाड्यावर मासळी घ्यायला परदेशी पाहुणा सोबत असला, की भाव करताना दुभाष्या आपणच. तिथं शब्दाला शब्द ठेवला तर घोटाळा होतो.

समजा, मासेविक्रेतीने सुरमईचे 800 रुपये सांगितले, पाहुण्याने 500 म्हटले. ती म्हणते, "परवडत नाही." याचं 'आय कान्ट अफोर्ड इट' केलंत तर पाहुणा चक्रावेल, ते पैसे कमी असलेल्या गिऱ्हाइकाचं वाक्य आहे. तिला म्हणायचंय, 'सॉरी, आय कान्ट सेल इट फॉर दॅट.' हा नकार त्या भावाला आहे, गिऱ्हाइकाला नाही. म्हणून पाहुण्याने थोडं वर यावं: 'वुड सिक्स फिफ्टी बी ओके?'

आपलं "शेवटचं सांगा" इंग्रजीत 'टेल मी लास्ट' होऊ नये, तो हुकूम वाटतो. 'व्हॉट्स युवर बेस्ट प्राइस, प्लीज?' म्हणावं.

आणि ती "बोहनीची वेळ आहे" म्हणाली तर सांगा: 'यू आर हर फर्स्ट कस्टमर टुडे.' पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून ती भाव थोडा उतरवतेही. मात्र घ्यायचंच नसेल, तर बोहनीआधी पाहुण्याला नुसती गंमत म्हणून भाव करू देऊ नये.