विश्लेषण : छातीतला जंतू औषधांना इतक्या लवकर का सरावतो?

क्षयरोग बरा झाला, थुंकीत जंतू नाहीत असा अहवालही आला. तरी खोकला सुटत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी हिरवट-पिवळा कफ वाढतो, ताप येतो, प्रतिजैविकाचा कोर्स होतो, थोडा आराम पडतो आणि पुन्हा तेच. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांमध्ये असे जुने खोकलेकरी नवे नाहीत. त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत आधी गुणकारी ठरलेले औषध पुढच्या खेपेला निरुपयोगी ठरते. दोष औषधाच्या कंपनीचा किंवा रुग्णाच्या नशिबाचा असेलच असे नाही. फुप्फुसात ठाण मांडलेल्या जिवाणूची डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडलेली असू शकते. अशा जिवाणूंना ‘हायपरम्युटेटर’ म्हणजे अतिउत्परिवर्तक म्हणतात.

बरा झालेला क्षयरोग मागे काय ठेवून जातो?

क्षयरोगाने पोखरलेल्या भागातील श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल होतात. त्यांत कफ साचून राहतो. या विकाराला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. देशातील ३१ केंद्रांमधील २,१९५ रुग्णांची नोंदवही २०१९ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात या विकाराचे सर्वांत मोठे कारण जुना क्षयरोग हेच निघाले, ३५.५ टक्के रुग्णांत तो आधी होऊन गेला होता. १३.७ टक्के रुग्णांच्या कफात ‘स्युडोमोनास एरुजिनोसा’ हा जिवाणू सापडला. साचलेल्या कफात तो वर्षानुवर्षे मुक्काम करतो.

या जिवाणूवर गोळीच्या रूपात चालणारा एकच औषधगट हाताशी आहे : सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिनचा. अमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्सिमला तो मुळातच दाद देत नाही. म्हणजे हा एक गट हातचा गेला, की उरतात इंजेक्शने किंवा वाफेवाटे द्यायची औषधे. औसा किंवा किनवट तालुक्यातील रुग्णासाठी त्याचा अर्थ लातूर किंवा नांदेडला दहा-चौदा दिवस मुक्काम आणि तेवढी बुडालेली मजुरी.

‘मिसमॅच रिपेअर’ म्हणजे नेमके काय?

जिवाणू दोन होताना त्याचा संपूर्ण डीएनए नव्याने उतरवला जातो. उतरवणाऱ्या विकराच्या हातून साधारण एक लाख अक्षरांमागे एक अक्षर चुकीचे बसते. तो स्वतःच मागे वळून त्यातील बहुतेक चुका खोडतो. तरीही काही निसटतात. ‘अ’समोर ‘ट’ऐवजी ‘क’ बसला, तर त्या जागी डीएनएची साखळी किंचित वाकडी होते. ही विजोड जोडी हुडकण्याचे काम म्युटएस या प्रथिनाचे. ते त्या जागी घट्ट बसते आणि म्युटएल या जोडीदाराला बोलावते. मग नव्या धाग्याला काप दिला जातो, चुकीच्या अक्षरासह शेकडो अक्षरांचा तुकडा काढून टाकला जातो आणि ती जागा पुन्हा बरोबर भरली जाते. यातला कळीचा मुद्दा म्हणजे काप नव्या धाग्यालाच बसला पाहिजे. जुना कापला, तर चूक सुधारण्याऐवजी पक्की होईल. ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

या शेवटच्या चाळणीमुळे चुकांचे प्रमाण सुमारे हजार कोटी अक्षरांमागे एक इतके खाली येते. म्युटएस किंवा म्युटएल बनवणारा जनुक बिघडला, की चाळण फाटते आणि उत्परिवर्तने शंभर ते हजार पटींनी वाढतात. जिवाणू मात्र मरत नाही. तो वाढतच राहतो, फक्त अधिक चुका करत.

चुका वाढल्याने जिवाणूचा फायदा कसा?

बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातकच असतात. पण एखादी नेमकी औषध निष्प्रभ करणारी निघते. सिप्रोफ्लॉक्सासिन ज्या विकराला चिकटते, त्याचे एक अक्षर बदलले तरी औषधाची पकड ढिली होते. औषध बाहेर फेकणाऱ्या पंपावरचा लगाम तुटला तरी तेच. जिवाणू औषध पाहून असा बदल ‘ठरवून’ करत नाही. बदल आधीच झालेला असतो. औषध फक्त बाकीच्यांना मारून त्याला रान मोकळे करून देते.

हे आकड्यांत पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून काही गृहीतके धरली आहेत. समजा, एका रुग्णाच्या फुप्फुसात एक हजार कोटी जिवाणू आहेत. एखाद्या औषधाला पुरून उरणारा बदल साध्या जिवाणूंत १० कोटींमागे एकात असतो. अतिउत्परिवर्तकांत तो शंभर पट, म्हणजे १० लाखांमागे एकात. आणि सुरुवातीला अतिउत्परिवर्तक अगदी थोडे, एक लाखात एक, म्हणजे एकूण एक लाख.

पहिले औषध दिले. साध्यांपैकी सुमारे १०० जिवाणू वाचतात. अतिउत्परिवर्तकांपैकी एखादा वाचण्याची शक्यता दहात एक. समजा, हा रुग्ण त्या दहांतला निघाला. वाचलेल्या शंभर-एकशेएक जिवाणूंपासून पुन्हा हजार कोटींची वस्ती उभी राहते. आता अतिउत्परिवर्तक लाखात एक राहिलेले नाहीत. ते शंभरात एक, म्हणजे १० कोटी झाले आहेत.

काही महिन्यांनी दुसरे औषध दिले. साध्यांतले पुन्हा १०० वाचतात, पण आता अतिउत्परिवर्तकांतलेही १०० वाचतात. वस्ती पुन्हा भरते तेव्हा निम्मे जिवाणू अतिउत्परिवर्तक असतात. तिसऱ्या औषधानंतर साधे ५० वाचतात, अतिउत्परिवर्तक ५,०००. म्हणजे शंभरात ९९ त्यांचेच. तीन कोर्समध्ये लाखात एक असलेला वाण फुप्फुसाचा मालक झाला आणि तिन्ही औषधे हातची गेली. एकामागून एक निवड लादली की अतिउत्परिवर्तकांचा वाटा असाच फुगतो, हे जेफ्री मिलर यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ई. कोलाय जिवाणूवर दाखवले होते.

रुग्णांत हे खरोखर दिसते का?

दिसते. स्पेनमधील अँटोनियो ऑलिव्हर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘सायन्स’मध्ये याचा पहिला ठळक पुरावा मांडला. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारातही फुप्फुसात कफ साचतो. अशा ३० रुग्णांपैकी ११ जणांत अतिउत्परिवर्तक स्युडोमोनास सापडला आणि तो काही वर्षे टिकून होता. त्याउलट, याच जिवाणूचा तात्पुरता तीव्र संसर्ग झालेल्या ७५ रुग्णांत असा एकही वाण निघाला नाही. नंतर ब्राँकिएक्टेसिससारख्या जुनाट फुप्फुसविकारांतही ते मोठ्या प्रमाणात आढळले.

या फरकातच मर्म आहे. चुका करत राहण्याची किंमत असते. उंदरांच्या आतड्यांवरील २००१ मधील एका प्रयोगात असे जिवाणू सुरुवातीला जिंकले. पण नव्या उंदरांत सोडल्यावर मागे पडले, कारण दरम्यान त्यांच्यात निरुपयोगी बिघाड साचले होते. म्हणून हा वाण सहसा बाहेरून येत नाही. तो ज्याच्या त्याच्या छातीत, औषधांच्या एकेका फेरीगणिक घडतो.

एक गल्लत टाळायला हवी. क्षयरोगाच्या जिवाणूत म्युटएस-म्युटएल ही जोडी मुळातच नाही. त्याच्या कुळातील जिवाणूंत न्यूकएस हे वेगळेच प्रथिन असे काम करते, हे २०१७ मध्ये समोर आले. त्यामुळे औषधाला न जुमानणाऱ्या क्षयरोगाला हे स्पष्टीकरण जसेच्या तसे लावता येत नाही.

प्रयोगशाळेत तो ओळखायचा कसा?

कफाच्या कल्चरनंतर जिवाणूच्या थरावर औषधाच्या चकत्या ठेवतात. औषध लागू असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. अतिउत्परिवर्तक असेल तर त्या स्वच्छ वर्तुळातच बारीक ठिपक्यांसारख्या वसाहती उगवतात. वर्तुळ मोठे असल्याने अहवालात ‘औषध लागू’ असे लिहिले जाऊ शकते आणि ठिपके ‘बाहेरची भेसळ’ म्हणून सोडून दिले जातात. ते ठिपके उचलून पुन्हा वाढवले आणि तोच जिवाणू निघाला, तर संशय बळावतो. खात्रीसाठी रिफॅम्पिसिन मिसळलेल्या माध्यमावर किती जिवाणू तगतात हे मोजून प्रमाणित वाणाशी तुलना करतात. ती विसेक पटींहून जास्त भरली, तर वाण अतिउत्परिवर्तक मानला जातो. ही मोजणी रोजच्या तपासणीत बसणारी नाही. पण वर्तुळातील ठिपक्यांची नोंद करायला वेगळे यंत्र लागत नाही, नजर लागते.

मग उपचारात काय बदलायचे?

वरच्या हिशेबात दोन गोष्टी आपल्या हातात आहेत : जिवाणूंची संख्या आणि औषधे देण्याची रीत. संख्या कमी केली तर बदल घडण्याच्या संधीच घटतात. म्हणून छातीचा व्यायाम, ठरावीक स्थितीत झोपून कफ काढणे, वाफ हे जोडउपचार नव्हेत. प्रतिकार रोखण्याचा तो थेट मार्ग आहे.

औषधांच्या रीतीचा हिशेब त्याहून बोलका आहे. सुरुवातीच्या टप्प्यात दोन वेगळ्या प्रकारची औषधे एकाच वेळी दिली, तर साध्या जिवाणूत दोन्ही बदल एकदम असण्याची शक्यता १० कोटी गुणिले १० कोटींमागे एक. हजार कोटींच्या वस्तीत असा एखादा जिवाणू सापडण्याची शक्यता १० लाखांत एक. तीच जोडी वस्ती अतिउत्परिवर्तकांची झाल्यावर दिली, तर शक्यता शंभरात एक. उशिराने संरक्षण दहा हजार पटींनी पातळ होते. अर्थात एकच पंप दोन्ही औषधे बाहेर फेकत असेल, तर हा गुणाकार कोसळतो. म्हणून जोडी कोणती आणि ती द्यायची की नाही, हे कल्चर पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे. प्रत्येक खोकल्याला दोन औषधे लागत नाहीत.

रुग्णाच्या पातळीवर याचा अर्थ असा. जुना क्षयरोग असलेल्याचा कफ वाढला, तर औषध सुरू करण्याआधी कफ तपासणीला जावा : क्षयरोग उलटला का यासाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट आणि इतर जिवाणूंसाठी कल्चर. सिप्रोफ्लॉक्सासिन गटाची गोळी आधीच घेतली, तर क्षयरोग काही काळ झाकला जाऊन निदान लांबते. आधी घेतलेल्या प्रत्येक प्रतिजैविकाचे नाव आणि तारीख एका कागदावर असावी, कारण पुढची निवड त्यावर अवलंबून असते.

आज गावातला डॉक्टर एक औषध देतो, तालुक्याचा दुसरे, शहरातला तिसरे. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असू शकतो. पण कोणाच्याही हाती आधीचा कागद किंवा कल्चरचा अहवाल नसेल, तर तिघे मिळून नेमकी तीच तीन फेऱ्यांची निवड पुरी करतात. क्षयरोगाचा कोर्स संपला म्हणजे काम संपले असे नाही. ज्यांच्या श्वासनलिका कायमच्या बिघडल्या, त्यांचा कफ, त्यांची औषधे आणि कल्चर यांचा पाठपुरावा तिथूनच सुरू व्हायला हवा. गोळीने भागणारा आजार आणि इंजेक्शनासाठी गाव सोडायला लावणारा आजार यांत अंतर आहे ते त्या तीन कोर्सचे.