ओठावरचे नाव कोणाच्या खात्यात?

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. दोन दशकांहून अधिक काळ तिथून तीनचाकी बाहेर पडते आहे. बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर वडाप करणारा, दुधाचे कॅन वाहणारा, डाळिंबाचे क्रेट बाजारात नेणारा, सगळे तिला ‘ॲपे’ म्हणतात. पुष्कळदा दुसऱ्या कंपनीच्या तीनचाकीलाही ॲपेच म्हटले जाते. ब्रँड ट्रॅकिंगचे काम करणाऱ्यांनी हा मुलूख एकदा नीट पाहावा, कारण ‘न सुचवता आठवलेले नाव’ हा आपला लाडका आकडा इथे पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. उत्तरदाता ‘ॲपे’ म्हणाला. हे पियाजिओचे नाव झाले, एका मॉडेलचे झाले, की नुसते ‘तीनचाकी’ झाले?

हा प्रकार पुणे जिल्ह्याला नवा नाही. आपण ज्याला बिनदिक्कत टेम्पो म्हणतो ते मुळात एका जर्मन कंपनीचे नाव. त्या कंपनीच्या परवान्यावर आकुर्डीच्या बजाज टेम्पोने तीनचाक्या बनवल्या, आणि नाव इतके पसरले की कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी टेम्पो झाली. 2005 मध्ये कंपनीचेच नाव फोर्स मोटर्स झाले. लोकांच्या तोंडचा टेम्पो मात्र तसाच राहिला. आज कोणी मालवाहू गाड्यांच्या सर्वेक्षणात ‘टेम्पो’ हे उत्तर फोर्स मोटर्सच्या खात्यात टाकले तर आपण हसू. ‘ॲपे’च्या बाबतीत तितके हसता येत नाही, कारण ती अजून पियाजिओचीच, विकली जाणारी, जाहिरात होणारी गाडी आहे.

समजा, तीनचाकी बनवणाऱ्या एखाद्या कंपनीने बारामती आणि इंदापूर तालुक्यांसाठी ट्रॅकिंगचे काम आपल्याला दिले. दर तिमाहीला एक फेरी, प्रत्येक फेरीत 200 मुलाखती, उत्तरदाते म्हणजे तीनचाकी चालवणारे किंवा वर्षभरात घेऊ पाहणारे.

पहिला निर्णय प्रश्नाच्या शब्दांचा. ‘तीनचाकीच्या कोणत्या कंपन्या आठवतात?’ असे विचारले तर बजाज, पियाजिओ, महिंद्रा अशी नावे येतील. ‘कोणत्या गाड्या आठवतात?’ म्हटले की ॲपे पुढे येईल. ‘बाजारात माल न्यायला छोटी गाडी घ्यायची झाली तर कोणती नावे डोळ्यासमोर येतात?’ असे विचारले, तर अनेकजण ‘छोटा हत्ती’ म्हणतील, म्हणजे टाटाची एस, जिला चार चाके आहेत. आमच्या मते तिसरा प्रश्न खरेदीच्या सर्वांत जवळचा आहे. गिऱ्हाईक कंपन्यांची यादी घेऊन बाजारात जात नाही. त्याच्यापुढे काम असते आणि त्या कामाच्या निमित्ताने नावे आठवतात. ऑस्ट्रेलियातल्या एहरेनबर्ग-बास संस्थेच्या जेनी रोमानियुक हाच मुद्दा अनेक वर्षे मांडत आल्या आहेत. पण कंपन्या विचारणारा आणि काम सांगणारा हे दोन्ही प्रकार एकाच मुलाखतीत एकापाठोपाठ विचारता येत नाहीत, कारण पहिल्याने दुसऱ्याची उत्तरे ओठावर आणून ठेवलेली असतात. पहिल्या फेरीत नमुन्याचे यादृच्छिक दोन भाग करावेत, एकाला एक शब्दरचना, दुसऱ्याला दुसरी. काय फरक पडतो ते पाहून एक निवडावी आणि मग तिला हात लावू नये.

उत्तर शब्दशः टिपायचे. ‘ॲपे’, ‘पियाजिओ’, ‘पियाजिओची ॲपे’ आणि ‘बजाजची ॲपे’ ही चार वेगळी उत्तरे आहेत आणि त्यांना चार वेगळे कोड हवेत. कोणते कोड एकत्र करून कंपनीचा आकडा काढायचा, ते नंतर टेबल करताना ठरवता येते. मुलाखतकाराने फॉर्मवर परस्पर ‘पियाजिओ’वर खूण केली की ती माहिती कायमची गेली. नुसते ‘ॲपे’ म्हणणाऱ्याला लगेच ‘कोणत्या कंपनीची?’ विचारण्याचा मोह होतो. तो प्रश्न मुलाखतीच्या शेवटी विचारावा, कारण मध्येच विचारला की उत्तरदात्याला कंपन्यांची नावे हवी आहेत हे कळते आणि पुढची आठवण वेगळ्या वळणाने जाते. नावे सांगून थांबल्यावर ‘आणखी कोणते?’ हे किती वेळा विचारायचे तेही छापून द्यावे. ही किरकोळ बाब वाटते, पण तिच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

त्यानंतर, आणि त्यानंतरच, यादी वाचायची. एडेड प्रश्न आधी विचारला तर अनएडेडला अर्थ उरत नाही, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. यादी प्रत्येक मुलाखतीत वेगळ्या नावापासून सुरू करावी आणि तिच्यात अस्तित्वात नसलेले एक नाव घालावे. हे खोटे नाव फार उपयोगी पडते. ‘हो, ऐकलंय’ म्हणणारे थोडे लोक सगळीकडे भेटतात. पण चार मुलाखतकारांपैकी तिघांकडे खोटे नाव शंभरात दोन-तीन जणांनी ओळखले आणि चौथ्याकडे पंधरा जणांनी, तर दोष लोकांचा नाही. तो मुलाखतकार यादी भरभर वाचून सरसकट ‘हो’ लिहितो आहे. त्याच्या मुलाखती परत तपासायला काढाव्यात.

आता मुलाखतीची जागा. सोपी वाटणारी जागा म्हणजे स्टँड: गाड्या रांगेत उभ्या, चालक मोकळे, अर्ध्या दिवसात कोटा पूर्ण. पण स्टँडवरचा चालक आपल्याच गाडीच्या सीटवर बसून उत्तर देतो. त्याच्या पुढ्यात हँडलमागे कंपनीचे चिन्ह, समोरच्या गाडीच्या पाठीवर मोठ्या अक्षरात नाव, आणि शेजारचा दोस्त तिसरे नाव ओरडून सांगतो. फॉर्मवर अनएडेड छापले आहे, प्रत्यक्षात तो माणूस नावे वाचतो आहे. मोबाइलच्या दुकानात बसून मोबाइलच्या कंपन्या विचारल्या तर जे होईल तेच हे. स्टँडवर फक्त पात्रता तपासावी आणि प्रत्यक्ष मुलाखत गाड्या दिसणार नाहीत अशा जागी, एकट्याची घ्यावी. वेळ जास्त लागतो, खर्च वाढतो. तो अंदाजपत्रकात आधीच धरावा.

कोणाला निवडायचे, यातही बारामतीची स्वतःची अडचण आहे. स्क्रीनरमध्ये आपण नेहमीप्रमाणे वाहन उद्योग, जाहिरात आणि संशोधन यांत घरातले कोणी असल्यास बाद करतो. बारामती शहराजवळ या नियमाने इतर गावांपेक्षा जास्त लोक बाद होणार, आणि ते बाद व्हायलाच हवेत. तरीही कारखान्याची सावली संपत नाही. चुलतभाऊ तिथे कामाला आहे, कामगारांच्या बसवर रोज नाव दिसते, असा माणूस स्क्रीनरमधून सहज पार होतो. इंदापूर, भिगवण किंवा निमगाव केतकीच्या चालकाला ‘पियाजिओ’ हे नाव त्याच कारणाने आठवेल असे नाही. म्हणून दोन्ही तालुक्यांचे कोटे ठरवून ते फेरीगणिक तेच ठेवावेत आणि आकडे वेगळे दाखवावेत. पहिल्या फेरीत बारामतीचे 120 आणि दुसऱ्यात 90 झाले, तर ब्रँडचे काहीही न बिघडता त्याची आठवण घसरलेली दिसेल.

वेळेचेही तसेच. गळीत हंगामात कारखान्यांच्या वाटेवर वाहतूक वाढते, हातात पैसा खेळतो, चालक सापडत नाहीत आणि सापडले तर घाईत असतात. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते आणि त्या दिवसांत वाटेवर फलकांची गर्दी होते. अशा फेरीची तुलना तीन महिन्यांपूर्वीच्या फेरीशी करण्यापेक्षा मागच्या वर्षीच्या त्याच फेरीशी करावी. पालखीही तिथीने येते, तेव्हा तारखा पंचांग पाहूनच ठरवाव्यात.

आता 200 या संख्येचे काय होते ते पाहू. समजा, एखादे नाव न सुचवता 40 टक्के लोकांनी घेतले. साध्या यादृच्छिक नमुन्यात 95 टक्के विश्वासपातळीवर या आकड्याला साधारण 7 अंशांची वर-खाली मुभा आहे. दोन फेऱ्यांमधला फरक खरा म्हणायचा तर तो जवळपास 10 अंशांचा हवा. पण आपला नमुना साधा नसतो. 20 गावे किंवा ठिकाणे निवडून प्रत्येक ठिकाणी 10 जण घेतो. एकाच गावचे लोक एकमेकांसारखे असतात. गावातल्या सारखेपणाचा गुणांक 0.05 धरला, तरी 200 मुलाखतींचे वजन 138 इतकेच उरते आणि फरकाची मर्यादा साडेअकरा अंशांच्या वर जाते. म्हणजे 40 चे 46 झाले म्हणून जाहिरात चालली, असे सांगायला आधार नाही. त्याच पैशांत 40 ठिकाणी 5-5 मुलाखती घेतल्या तर वजन 167 पर्यंत जाते. प्रवास वाढतो, पण आकडा बोलू लागतो. गिऱ्हाईक दर तिमाहीला अहवाल मागतो म्हणून दर तिमाहीला बदल सापडलाच पाहिजे, असे नाही. त्याला हे काम घेतानाच सांगावे.

एडेड आणि अनएडेड यांचे नाते इथेच समजून घ्यावे. लोराँ, काप्फेरेर आणि रूसेल यांनी 1995 मध्ये दाखवले की एकाच वर्गातल्या ब्रँडचे हे आकडे एका ठरावीक वळणावर बसतात: नाव ऐकून ओळखणारे पुष्कळ वाढेपर्यंत आपणहून आठवणारे फारसे वाढत नाहीत. नव्याने आलेल्या विजेच्या तीनचाकीची एडेड ओळख वाढत असेल आणि अनएडेड जागच्या जागी असेल, तर जाहिरात फसली असा निष्कर्ष लगेच काढू नये. तिच्यासाठी सध्या एडेड हाच वाचण्याजोगा आकडा आहे. उलट ॲपे किंवा बजाजसारख्या नावाला इथे जवळपास सगळेच ओळखतात. त्यांच्या एडेड आकड्यात हलायला जागाच नसते, त्यांच्यासाठी पहिले कोणते नाव निघाले ते पाहावे.

शेवटी, घसरण खरी की आपली, हे ओळखायची एक खूण. प्रत्येक उत्तरदात्याने न सुचवता सरासरी किती नावे घेतली, हे दर फेरीत काढावे. समजा, ही सरासरी 3.1 वरून 2.4 झाली आणि सगळ्याच ब्रँडचे आकडे थोडे थोडे उतरले, तर बाजारात काही घडलेले नाही. ‘आणखी कोणते?’ विचारणे कमी झाले आहे, किंवा प्रत्यक्ष मुलाखतीऐवजी फोन वापरला गेला आहे. फोनवर शांतता लांबली की दोन्हीकडची माणसे पुढे सरकतात. सरासरी तशीच राहून एकच नाव उतरले, तर मात्र बाजाराकडे पाहावे. पद्धत बदलणे अटळ असेल, तर एक फेरी जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी करावी आणि दोन्हींतले अंतर लिहून ठेवावे.

आमची वाचकांना विनंती एवढीच, की पुढच्या फेरीचा अहवाल पाठवताना त्यात प्रश्नाचे नेमके शब्द, कोडची यादी आणि नावांची ही सरासरी पहिल्या पानावर द्या. तक्ते दुसऱ्या पानापासून.